मामीची डाळिंबी साडी मावशीला कशी सांगायची

मामी एका लग्नासाठी बडोद्याला गेली होती. तिथून तिने घरच्या ग्रुपवर स्वतःचा एक फोटो टाकला. त्याखाली पाच-सहा जणींनी लगेच लिहिलं, "मस्त", "काय सुंदर दिसतेस", आणि खूप सारे हसरे चेहरे. इंदूरला माझी मावशी तिच्या खोलीत बसून हे सगळं ऐकत होती. काचबिंदूमुळे तिची नजर चाळिशीत गेली. तिचा मोबाईल पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो. फोटो आला तेव्हा तो "फोटो" एवढंच म्हणाला आणि पुढे गेला. मग एकेक "मस्त" वाचला, आणि प्रत्येक हसऱ्या चेहऱ्याचं नाव त्याने पुन्हा पुन्हा उच्चारलं.

मावशीने मला फोन केला. "अगं, नेसली काय आहे ते कुणी सांगेल का?"

तिला हे उगाच नको होतं. पुढच्या महिन्यात आमच्याकडे मामेभावाचं लग्न होतं आणि मामी तिला म्हणाली होती की हीच साडी तू नेस. साडी कशाबरोबर घातली, ब्लाउज कुठला, दागिने कुठले, पदर कसा घेतला, हे तिला ठरवायला हवं होतं. मी ते लिहून पाठवायला बसले आणि पहिल्याच खेपेला चुकले. तेव्हापासून घरातल्या फोटोंची वर्णनं मीच लिहिते. कपड्यांचं वर्णन कसं करावं हे मी त्या एका साडीवरून शिकले, म्हणून तीच साडी घेऊन सांगते.

आधी मोबाईल काय करतो ते. अॅण्ड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतं आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर. बोट फिरेल तिथला मजकूर ते मोठ्याने वाचतं. फोटोसाठी मात्र कुणीतरी शब्द लिहावे लागतात. काही ठिकाणी त्यासाठी ऑल्ट टेक्स्ट नावाची वेगळी जागा असते. तिथे लिहिलेलं डोळ्यांना दिसत नाही, फक्त कानांना मिळतं. इन्स्टाग्रामवर ती आहे. घरच्या ग्रुपवर मी सरळ फोटोखालीच लिहिते.

या दोन जागांत एक फरक आहे आणि तो लिहिताना लक्षात ठेवावा लागतो. फोटोखालचा मजकूर मावशी हवा तसा मागेपुढे करू शकते, एखादा शब्द अक्षर-अक्षर सुटा करून ऐकू शकते. ऑल्ट टेक्स्ट मात्र बहुतेक वेळा एका दमात वाचलं जातं. मधलं काही निसटलं तर पुन्हा पहिल्यापासून ऐकावं लागतं. म्हणून तिथे मी दोन-तीन वाक्यांवर जात नाही आणि बाकीचं खाली उघड लिहिते. तिथे १२५ अक्षरांच्या आत लिहावं असं बरेच जण सांगतात. ती एक रूढ सवय आहे, कुठल्या मानकाने घातलेली अट नाही. साडीला १५० लागली तर लागू द्यावीत. "फोटोमध्ये" असंही सुरुवातीला लिहायला नको, कारण फोटो असल्याचं मोबाईल आधीच सांगतो.

आणि कानाने ऐकणाऱ्याला वरवर नजर फिरवता येत नाही. आपण फोटो पाहतो तेव्हा पहिल्या क्षणात लाल साडी, उभी बाई, सोनेरी काठ हे सगळं एकत्र येतं. ऐकणाऱ्याला ते एकामागून एक मिळतं, आणि पहिल्या वाक्यावरून मनात जी आकृती उभी राहते तिच्यावरच पुढचं सगळं चढतं. मी जर नथीपासून सुरुवात केली तर मावशीच्या मनात हवेत लटकलेली एक नथ असते. म्हणून आधी कोण, कशी उभी, कुठवर दिसतेय आणि काय नेसलंय. मग साडीचं अंग, काठ, पदर. मग ब्लाउज. दागिने शेवटी.

माझी पहिली खेप अशी होती:

"मामीने कॉफी रंगाची सुंदर महेश्वरी साडी नेसली आहे. पदरावर पाच पट्टे आहेत. ब्लाउज मॅचिंग आहे आणि दागिने पारंपरिक आहेत."

वाचायला ठीक वाटतं. मावशीने ऐकलं आणि लगेच म्हणाली, "कॉफी? ती साडी घेताना मी होते बरोबर. डाळिंबी आहे ती."

मावशी खरंच तिथे होती. दोघी इंदूरहून महेश्वरला गेल्या होत्या, गाडीने साधारण नव्वद किलोमीटर, आणि तिथल्या दुकानात मामीने रंग मोठ्याने सांगत सांगत साडी निवडली होती. मग मला कॉफी कुठून दिसली? फोटो रात्रीचा होता. कार्यालयात पिवळे दिवे होते. पिवळ्या उजेडात गडद लाल तपकिरीकडे झुकतो, आणि निळा बऱ्याचदा काळपट दिसतो. मोबाईलचा कॅमेरा स्वतःच्या अंदाजाने उजेड दुरुस्त करतो, तेव्हा रंग आणखी सरकतो. हे ओळखायची एक साधी खूण आहे. फोटोत जे पांढरं असायला हवं ते पाहावं: भिंत, सदऱ्याची कॉलर, कुणाचा रुमाल. ते पिवळट दिसत असेल तर साडीचा रंगही तसाच सरकलेला आहे. त्या फोटोत मामीच्या मागच्या माणसाचा सदरा लोण्यासारखा पिवळा दिसत होता. मी तो पाहिलाच नव्हता. आता असं दिसलं की नेसणारीलाच विचारते, आणि विचारता येत नसेल तर "दिव्यांच्या पिवळ्या उजेडात तपकिरीकडे झुकलेला लाल" असं लिहिते. ते लांबतं, पण खोटं नसतं.

रंगाबद्दल अजून थोडं, कारण इथेच बहुतेक वर्णनं फसतात. आपल्याकडे रंगांची नावं फळाफुलांवरून आहेत: डाळिंबी, अंजिरी, आमसुली, अबोली, मोतिया, गुलबक्षी. मावशीने हे सगळे रंग पाहिलेले आहेत. "आमसुली" म्हटलं की तिच्या मनात नेमका रंग येतो, "गडद जांभळट तपकिरी" म्हटलं तर येत नाही. पण तिची एक मैत्रीण आहे, संगीत शिकवते, ती जन्मापासून पाहू शकत नाही. एकदा मी तिला म्हटलं की तुम्हाला रंग सांगून काय उपयोग. ती शांतपणे म्हणाली, "मला रंग दिसत नाही, पण रंग कळतो. हळदीकुंकवाला कुठला नेसायचा, कशावर कुठला शोभतो, लोक कुठल्याला जुनाट म्हणतात, हे मलाही ठाऊक असायला हवं ना? मला त्याच लोकांत बसायचंय."

तेव्हापासून मी दोन्ही लिहिते: नेमकं नाव आणि त्याचं कूळ. "डाळिंबी, म्हणजे गडद लाल." त्याचा आणखी एक फायदा होतो. काही नावांवर पाहणाऱ्यांचंही एकमत नसतं. चिंतामणी म्हटलं की दोन घरांत दोन रंग निघतात. मोरपंखी कुणाला निळ्याकडे वाटतो, कुणाला हिरव्याकडे. शेजारी "हिरवट निळा" असं लिहिलं की वाद मिटतो. आणि दोन रंग शेजारी असतील तर त्यांचं नातं सांगते. काठ अंगापेक्षा उठून दिसतो की त्यात मिसळून जातो, हे त्या मैत्रिणीला रंगाच्या नावाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

माझी दुसरी चूक रंगापेक्षा मोठी होती, आणि ती कळायला दोन दिवस लागले. मावशीने विचारलं, "म्हणजे पदर उघडा सोडला होता होय? मग सांभाळायला त्रास झाला असेल."

पदर उघडा नव्हता. बारीक चुण्या करून डाव्या खांद्यावर पिन लावलेला होता आणि मागे गेला होता. मग मावशीला उघडा का वाटला? मी लिहिलं होतं, पदरावर पाच पट्टे आहेत. महेश्वरीच्या पदराला परंपरेने पाच पट्टे असतात, तीन रंगीत आणि त्यांच्यामध्ये दोन पांढरे. हे मला माहीत होतं, म्हणून मी लिहून टाकलं. फोटोत एकही पट्टा दिसत नव्हता. पट्टे असतात पदराच्या टोकाला, आणि समोरून घेतलेल्या फोटोत ते टोक पाठीमागे होतं. मावशीला साडीची रचना माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे. पट्टे दिसताहेत तर पदर पसरलेलाच असणार, असा अगदी बरोबर तर्क तिने केला आणि चुकीच्या साडीपाशी पोचली.

तेव्हापासून मी दिसतं ते आणि माहीत असलेलं ते वेगळं ठेवते. "पदर मागे आहे, टोकाचे पट्टे दिसत नाहीत" हेही वर्णनच आहे. कापडाचंही तसंच. साडी रेशीम-सुती आहे, हातमागाची आहे, हे फोटोवरून सांगता येत नाही. महेश्वरीसारखी दिसणारी यंत्रमागाची साडीही मिळते आणि कॅमेऱ्याला त्या दोन्ही सारख्याच. मामीने सांगितलं म्हणून मी महेश्वरी लिहिते. ज्या साडीचं मला कुणी सांगितलेलं नाही तिथे दिसतं तेवढंच लिहिते: कापड हलकं दिसतं, निऱ्या अंगाशी सपाट बसल्यात, किंवा कापड कडक आहे आणि निऱ्या फुगून उभ्या राहिल्यात. साडी पडते कशी यावरून सवयीच्या माणसाला कापडाचा बराच अंदाज येतो, तो त्याचा त्याने बांधावा.

नुसतं नाव लिहून थांबणंही पुरत नाही. "महेश्वरी" म्हटलं की मावशीला सगळं कळतं. माझ्या पुण्याच्या भाचीला काही कळत नाही. म्हणून नावाबरोबर एक दिसणारी खूण देते, आणि ती हाताला ठाऊक असलेल्या वस्तूवरून देते. महेश्वरीचे काठ यासाठी फार सोयीचे आहेत. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात महेश्वरला विणकर वसवले, आणि तिथल्या काठांवरच्या नक्षीची नावं अजून अशी आहेत: ईंट म्हणजे वीट, चटाई, लहर. चटाई सगळ्यांच्या हाताखालून गेलेली असते. "काठावर चटाईच्या विणीसारखी नक्षी" म्हटलं की जन्मापासून न पाहिलेल्या बाईच्याही बोटांना ती कळते. "भौमितिक आकृतिबंध" म्हटलं तर कुणाच्याच बोटांना कळत नाही.

मापांचंही तेच. काठ रुंद आहे की अरुंद, हे सापेक्ष झालं. सेंटिमीटर फोटोवरून कुणी मोजू शकत नाही. पण बोटं आणि वीत ही मापं प्रत्येकाच्या हातातच आहेत. मामीच्या साडीचा काठ तिच्याच हाताशेजारी दिसत होता, साधारण तीन बोटं. ब्लाउजची बाही कोपरापर्यंत. मंगळसूत्र छातीच्या मध्यापर्यंत. शरीरावरच्या अशा खुणा वापरल्या की ऐकणारी आपल्याच अंगावर हात ठेवून बघते. मावशीला मी तसं करताना पाहिलं आहे, फोन कानाशी आणि दुसरा हात कोपरावर.

डावं-उजवं लिहिताना मात्र जपावं लागतं. डावं म्हणजे फोटोतलं डावं की नेसणारीचं? मी नेहमी नेसणारीचं लिहिते आणि तसं स्पष्ट म्हणते: "तिच्या डाव्या खांद्यावर". एक सापळा त्यापुढे आहे. काही फोन समोरच्या कॅमेऱ्याने काढलेली सेल्फी आरशासारखी उलटी साठवतात. माझ्या मामेबहिणीच्या एका सेल्फीत पदर उजव्या खांद्यावर दिसत होता आणि मी तिने गुजराती पद्धतीने साडी नेसल्याचं लिहून मोकळी झाले. इंदुरात सीधा पल्ला नेसणाऱ्या बायका भरपूर आहेत, त्यामुळे मला संशयही आला नाही. तिच्या नथीने चूक उघडी पाडली: मराठी नथ डाव्या नाकपुडीत असते, फोटोत ती उजवीकडे होती. मागच्या दुकानाच्या पाटीवरची अक्षरंही उलटी होती, ती मी नंतर पाहिली. पदर नीट पाहिला असता तरी कळलं असतं. गुजराती पद्धतीत पदर पाठीवरून उजव्या खांद्यावर येतो आणि पुढे छातीवर पसरतो. तिचा पदर पुढून खांद्यावर चढून मागे जात होता. उलटा फोटो पदराची बाजू बदलू शकतो, पुढून मागे जाणं बदलू शकत नाही.

आता "सुंदर", "मॅचिंग" आणि "पारंपरिक" या तीन शब्दांबद्दल. मामी सुंदर दिसत होती, यात वाद नाही, आणि ते तिला सांगावंच. पण वर्णनात तो शब्द आला की मावशीला माझं मत मिळतं आणि साडी मिळत नाही. तिला तिचं मत बनवायचं असतं. "मॅचिंग"ने तर थेट दिशाभूल केली. मला म्हणायचं होतं की ब्लाउज साडीला शोभतो; मावशीने ऐकलं की ब्लाउजही त्याच रंगाचा आहे. तो हिरवा होता. "पारंपरिक" दागिने म्हणजे ठुशी की मोहनमाळ की नुसतं मंगळसूत्र? आपल्याला दागिन्यांची नावं इतकी छान आणि नेमकी मिळाली आहेत की तीच वापरावीत. ठुशी म्हटलं की गळ्याला लागून बसलेले बारीक सोन्याचे मणी आपोआप आले.

नेसणाऱ्या बाईच्या शरीराबद्दल मी किती लिहावं, हे मी तिच्यावर सोडते. मामीला विचारलं तर ती म्हणाली, "केस पिकलेत ते लिही, मी रंगवत नाही. जाडीचं लिहू नकोस." तसंच लिहिलं. अनोळखी व्यक्ती असेल तर वय, जात, लग्न झालंय की नाही, असे अंदाज मी लिहित नाही. मंगळसूत्र दिसलं तर मंगळसूत्र लिहिते.

सगळं दुरुस्त करून मामीच्या फोटोखाली शेवटी हे गेलं:

"मामी जिन्याजवळ समोर बघत उभी आहे, डोक्यापासून पायापर्यंत दिसते. डाळिंबी, म्हणजे गडद लाल महेश्वरी साडी नेसली आहे. साडीचं अंग कोरं आहे, बुट्टी किंवा चौकडा नाही. काठ तीन बोटं रुंद, सोनेरी जरीचा, त्यात भिंतीतल्या विटांसारखी नक्षी, आणि कडेला हिरवी रेघ. काठ लालवर चांगला उठून दिसतो. पदराच्या बारीक चुण्या करून तिच्या डाव्या खांद्यावर पिन लावली आहे. पदर मागे गेलाय, टोकाचे पट्टे दिसत नाहीत. ब्लाउज काठाच्या रेघेसारखाच गडद हिरवा, गोल गळ्याचा, बाही कोपरापर्यंत, बाहीच्या टोकाला साडीचाच काठ लावलाय. गळ्यात ठुशी आणि छातीच्या मध्यापर्यंत येणारं मंगळसूत्र. नथ नाही. दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या आणि एकेक पाटली. पांढरे-काळे केस मागे अंबाड्यात, त्यावर मोगऱ्याचा गजरा."

आणि हाच फोटो इन्स्टाग्रामवर टाकायचा असता तर ऑल्ट टेक्स्टमध्ये एवढंच: "मामी गडद लाल महेश्वरी साडीत उभी. तीन बोटं रुंद सोनेरी काठ, गडद हिरवा ब्लाउज, पदर चुण्या करून तिच्या डाव्या खांद्यावर. गळ्यात ठुशी, केसांत गजरा." जिन्याचा आणि बांगड्यांचा उल्लेख मी तिथे सोडला असता. तोच फोटो कुणी साडी विकायला वापरला असता तर मामीच सुटली असती आणि काठ, पोत, पदराचं टोक यांनाच जागा मिळाली असती. मग त्या फोटोने पुरलंही नसतं, पदर उलगडलेला दुसरा फोटो लागला असता. त्यात मग महेश्वरीची ती खासियतही लिहिता आली असती की काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, म्हणून साडी उलटसुलट कशीही नेसता येते.

"नथ नाही" हे वाक्य काहींना खटकेल. जे नाही ते का लिहायचं? कारण मावशी ते विचारणारच होती. लग्नातल्या मराठी बाईच्या गळ्यात ठुशी आहे म्हटल्यावर ऐकणारी नथ मनातल्या मनात घालूनच टाकते. जिथे ऐकणाऱ्याचा अंदाज चुकण्याची शक्यता आहे तिथेच मी "नाही" लिहिते. मोजडी नाही, छत्री नाही, असलं काही लिहित बसत नाही.

पाठवण्याआधी मी एक चाचणी करते. ज्याने फोटो पाहिलेला नाही अशा कुणाला तरी वर्णन एकदाच वाचून दाखवते, माझ्या नवऱ्याला बहुतेक वेळा, आणि मग त्याला सांगायला लावते की काय दिसलं. मामीच्या वेळी तो म्हणाला, "हिरवी साडी, लाल काठ." मी ब्लाउजच्या वाक्यात "हिरवा" आधी आणि "ब्लाउज" फार नंतर ठेवला होता, मधल्या वेळात त्याने हिरवा रंग साडीला देऊन टाकला. "ब्लाउज" हा शब्द वाक्याच्या सुरुवातीला आणला आणि ते सुटलं. वस्तूचं नाव आधी, तिचा रंग नंतर. त्यानंतर टॉकबॅक लावून स्वतः ऐकते. रोमन लिपीत टाइप केलेली मराठी इंग्रजी आवाजात जाते आणि "kaath"चं काय होतं ते ऐकवत नाही, म्हणून सगळं देवनागरीत. आणि पूर्णविराम मुद्दाम जास्त देते, कारण आवाज तिथेच श्वास घेतो.

मावशीने ते शेवटचं वर्णन दोनदा ऐकलं. मग म्हणाली, साडी नेसते, पण हिरवा ब्लाउज नको, माझा जुना मोतिया आहे तो चालेल, आणि पदर उघडा सोडेन, पट्टे दिसू देत की. लग्नाच्या दिवशी फोटो काढला तेव्हा तिने मला जवळ बोलावून विचारलं, "पाचही दिसताहेत ना? नाहीतर लिहू नकोस." चार दिसत होते. पाचवा तिच्या हाताखाली दुमडला गेला होता. तिने हात हलवला आणि आम्ही फोटो पुन्हा काढला.